सीमेवरच्या माणसाला दिवाळीचं पत्र: वेळेत आणि नीट पोहोचवण्यासाठी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

घरातला माणूस लष्करात लांब ड्युटीवर असतो आणि दिवाळीला येणार नाही हे गणपतीतच कळलेलं असतं. तरी शुभेच्छापत्र दसऱ्यानंतर लिहिलं जातं, धनत्रयोदशीच्या आसपास पोस्टात पडतं आणि तुळशीचं लग्न उरकल्यावर त्याच्या हातात पोहोचतं. काही पाकिटं तर फिरून घरीच परत येतात. यामागे बहुतेक वेळा तीनच कारणं असतात. पत्ता चुकीचा किंवा जुना असतो, पाकीट उशिरा निघतं किंवा आत न चालणारी वस्तू असते. चौथी चूक मजकुराची. ती पोस्टाला दिसत नाही, पण वाचणाऱ्याला जाणवते.

इथली पद्धत ठाणे किंवा नवी मुंबईतून एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसच्या, पत्त्यावर जाणाऱ्या लष्करी टपालासाठी आहे. नौदलाच्या जहाजावरच्या माणसाचा पत्ता वेगळ्या धर्तीचा असतो. तिथे त्याने स्वतः दिलेला पत्ता जसाच्या तसा वापरा. पत्र कसं लिहायचं आणि पाकीट कसं बांधायचं, हे मात्र दोघांसाठी सारखंच.

१. आधी पत्ता पक्का करा

लष्करी पत्त्यात गाव, जिल्हा, राज्य काहीच नसतं. पत्र लेहला जाणार की तवांगला हे पाकिटावरून कुणाला कळू नये, म्हणून ही रचना आहे. ‘५६ एपीओ’चं टपाल दिल्लीच्या तळ टपाल कार्यालयातून पुढे जातं, ‘९९ एपीओ’चं कोलकात्याच्या. तिथून ते त्या युनिटला जोडलेल्या फील्ड पोस्ट ऑफिसात पोहोचतं आणि युनिटचा डाक सांभाळणारा जवान ते उचलतो. कुठल्या फील्ड पोस्ट ऑफिसात जायचं हे फक्त पिनकोडवरून ठरतं, आणि लष्करी पिनकोड नेहमी ९ ने सुरू होतो.

पाकिटावरचा क्रम असा ठेवा:

सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव
कंपनी किंवा तुकडी
युनिटचं नाव
द्वारा ५६ एपीओ (किंवा ९९ एपीओ)
पिन ९ ने सुरू होणारे सहा अंक

पत्ता इंग्रजी मोठ्या लिपीत आणि इंग्रजी अंकांत लिहा. छाननी करणाऱ्या हातांना मराठी येत असेलच असं नाही. सेवा क्रमांक कधीही गाळू नका. एकाच युनिटमध्ये एकाच नावाचे दोघं-तिघं असू शकतात, आणि ‘पाटील’ किंवा ‘जाधव’ तर हमखास असतात. हुद्दा जुना राहिला, म्हणजे नाईकाचा हवालदार झाला आणि तुम्हाला कळलं नाही, तरी क्रमांकावरून माणूस सापडतो.

इशारा: पोस्टमनला मदत व्हावी म्हणून कंसात ‘लडाख’ किंवा ‘जम्मू’ लिहू नका. त्याने गुप्तता मोडते, शिवाय पाकीट नागरी टपालात शिरून तिथल्या गावात भटकतं.

तपासा: युनिट हललं की पिनकोड बदलू शकतो. गेल्या वर्षीच्या पाकिटावरून पत्ता उतरवू नका. भाद्रपदात कधी फोन आला की एकच प्रश्न विचारा, “पत्ता तोच आहे ना?” तो कुठे आहे हे विचारायची गरजच पडत नाही. त्याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्या: घरचं मागचं पत्र किती दिवसांनी मिळालं? पुढचा हिशोब त्या आकड्यावर करायचा आहे.

२. तारीख लक्ष्मीपूजनापासून मागे मोजा

ठाण्याहून दिल्लीपर्यंतचा प्रवास लांबत नाही, वेळ जातो शेवटच्या टप्प्यात. फील्ड पोस्ट ऑफिसातून पुढच्या चौकीवर डाक रेशनच्या गाडीबरोबर किंवा माणसाच्या पाठीवर जाते. बर्फ पडला, रस्ता बंद झाला की ती थांबते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उंचावरच्या खिंडींमध्ये हे व्हायला लागतं, आणि आपली दिवाळी नेमकी तेव्हाच येते.

म्हणून घटस्थापना ही पाकीट टाकायची तारीख धरा. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण चार आठवडे मिळतात. दसरा ही शेवटची मर्यादा, त्यानंतर वीसेक दिवसच उरतात. मागच्या पत्राला वीस दिवसांहून जास्त लागले असतील, तर दसराही उशिराचाच.

२०२६ चा हिशोब करून पाहू. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ नोव्हेंबरला. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, पण तो रविवार आहे, म्हणून पाकीट सोमवारी १२ ऑक्टोबरला सकाळीच खिडकीवर. दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि त्या दिवशी पोस्ट बंद, म्हणून खरी शेवटची तारीख १९.

घटस्थापनेच्या आधीचा पंधरवडा पितृपक्षाचा असतो. त्या दिवसांत सणाची तयारी नको असं घरातली मोठी माणसं म्हणतात आणि तिथेच पंधरा दिवस निसटतात. यावर सोपा मार्ग आहे. पितृपक्षात फक्त मजकूर लिहून घ्या, फोटो छापून आणा. कुंकू-अक्षतांची पुडी घटस्थापनेला भरा आणि त्याच दिवशी पाकीट बंद करा. कुणाचंही मन मोडत नाही.

३. मजकूर: उशिरा पोहोचला तरी शिळा न होणारा

कितीही काळजी घेतली तरी पत्र नेमकं कधी पोहोचेल हे तुमच्या हातात नाही. कदाचित वसुबारसेच्या आठ दिवस आधी पोहोचेल, कदाचित नंतर. म्हणून मजकुरात ‘उद्या अभ्यंगस्नान’, ‘आज फराळ करतोय’ असली वाक्यं नकोत. तारीख आणि वार लिहा, म्हणजे तो कधीही वाचेल तेव्हा त्याला संदर्भ लागेल. वरच्या कोपऱ्यात पत्राचा क्रमांक टाका: ‘पत्र ४, लिहिलं १० ऑक्टोबर’. पत्रं मागेपुढे पोहोचतात. आजीला बरं वाटतंय हे पत्र आधी मिळालं आणि ती आजारी पडल्याचं नंतर, तर तो उगाच हैराण होतो. क्रमांक असला की कोणतं आधीचं हे त्याला लगेच कळतं.

छापील कार्डातली कविता तो एकदा वाचतो. घरचा तपशील पुन्हा पुन्हा वाचतो. म्हणून कार्ड घेतलंच तर आतून कोरं घ्या आणि हाताने लिहा. काय लिहायचं हे सुचत नसेल तर घरात फिरून पाहा. कंदील या वर्षी कुठल्या रंगाचा ठरला, सोसायटीतली मुलं कुठला किल्ला करणार आहेत, चकलीच्या भाजणीत आईने या वेळी काय बदललं, त्याची सायकल कोण चालवतंय. ठाण्यात वाढलेल्या माणसाला राममारुती रोडवरची दिवाळी पहाट आणि तलावपाळीची गर्दी आठवतेच. या वर्षी तिकडे घरातलं कोण जाणार आणि त्याच्या मित्रांपैकी कोण भेटतं, हे दोन ओळींत लिहिलं तरी त्याला चित्र दिसतं. वाशी-नेरुळच्या घरातून लिहीत असाल तर तिथलं लिहा. गाव कुठलं याला महत्त्व नाही, त्याला ओळखीची माणसं आणि जागा भेटल्या पाहिजेत.

प्रत्येकाने आपापलं लिहायचं. एकाने सगळ्यांच्या वतीने ‘सर्वांकडून शुभेच्छा’ लिहिणं ही सर्रास होणारी चूक आहे. बाबांच्या चारच ओळी असू देत, पण त्यांच्या अक्षरात. त्यांना ‘चि. … यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.’ असा जुना मायना हवा असेल तर तसाच राहू द्या. आजीला लिहिता येत नसेल तर ती बोलेल तसं उतरवा, तिची भाषा सुधारू नका. शब्द तिचे राहिले की आवाजही तिचाच ऐकू येतो. लहान मुलाचं चित्र असेल तर मागे त्याचं वय आणि चित्रात काय आहे ते लिहा.

धाकट्या बहिणीने दादाला लिहायचा मजकूर साधारण असा असू शकतो:

“दादा, पत्र ४. शनिवार, १० ऑक्टोबर. कंदील या वेळी मी आणि बाबांनी घरीच करायचा ठरवलाय, पिवळा आणि केशरी. तुझ्या खिडकीतच लावू, ती जागा मी कुणाला दिलेली नाही. आईने चकलीला या वर्षी नवी भाजणी दळून आणली, पहिली चकली तुटली म्हणून अर्धा तास बोलत होती. खालची मुलं प्रतापगड करणार आहेत आणि तुझे मावळे मागायला आली होती. दिले, पण यादी करून दिले, सोळा आहेत. नरक चतुर्दशीला, ८ तारखेला, पहाटे आम्ही राममारुती रोडला जाऊ. तुझा शाळेतला ग्रुप दरवर्षीसारखा कोपऱ्यावर उभा असेल, त्यांना तुझा नमस्कार सांगते. भाऊबीजेला ११ तारखेला संध्याकाळी गच्चीवरून चंद्राला ओवाळीन. पुडीतलं कुंकू त्या दिवशी लाव. पत्र उशिरा मिळालं तर मिळेल त्या दिवशी लाव. तुझ्या खोलीतल्या सगळ्यांना आमच्या घरून दिवाळीच्या शुभेच्छा.”

या मजकुरात काय नाही ते पाहा. ‘तुझ्याशिवाय दिवाळी सुनीसुनी’ नाही, ‘सुट्टी का नाही मिळाली’ नाही. घरच्यांना ते वाटतं हे खरं आहे आणि ते लपवायचीही गरज नाही. ‘तुझी आठवण येते’ हे एक वाक्य पुरतं. पण पानभर रडं लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यावर काही करता येत नाही. तो ते घेऊन रात्रीच्या पहाऱ्याला जातो.

शेवटची ओळ आवर्जून लिहा. घरून आलेलं पत्र बराकीत एकट्याने वाचलं जाईलच असं नाही. ज्याला काहीच आलेलं नाही असा कुणीतरी शेजारच्या खाटेवर असतो.

इशारा: अर्धवट वाईट बातमी पत्रात घालू नका. ‘आईची तब्येत जरा नरम आहे, काळजी करू नकोस’ या वाक्याने काळजीच लागते, आणि त्याला लगेच फोन करता येईल असं नाही. आजारपण सांगायचंच असेल तर पूर्ण सांगा: काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, आता कसं आहे, कोण बघतंय. घराचा हप्ता, जमिनीचा वाद, भावकीचं भांडण या पत्रात नको. त्यासाठी वेगळं पत्र लिहा.

तपासा: मजकूर लिहून झाला की कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. ज्या वाक्यावर ‘म्हणजे काय?’ असा प्रश्न येतो, ते दुरुस्त करा. तिकडून खुलासा विचारायला त्याच्याकडे फोन नसेल.

४. आत काय ठेवायचं

पाकीट सपाट राहिलं पाहिजे, हा एकच नियम. मध्ये फुगवटा आला की शिक्का मारताना आणि गठ्ठा बांधताना ते तिथेच फाटतं. म्हणून अख्खी सुपारी नको, नारळाचा तुकडा नको. साध्या पाकिटातून नोट किंवा नाणं पाठवणं टपालाच्या नियमात बसत नाही. ओवाळणी द्यायचीच असेल तर खात्यावर पाठवा.

कुंकू अर्धा चमचा पुरे. ते छोट्या झिपच्या पिशवीत भरा, हवा पूर्ण दाबून काढा आणि पिशवी पुन्हा कागदाच्या घडीत ठेवा. हवा काढण्याला कारण आहे. उंचावर बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि पिशवीची कड सुटते. मग कुंकू सगळ्या पत्रावर पसरतं आणि बाबांच्या चार ओळी वाचता येत नाहीत. अक्षता दहा-बारा दाणे घ्या. पाणी किंवा तूप लावून कुंकवात रंगवल्या असतील तर एक रात्र सावलीत सुकवा, ओल्या राहिल्या तर चार आठवड्यांत बुरशी धरतात. करगोटा किंवा दोरा सपाट गुंडाळून कागदाला दोन ठिकाणी सुईदोऱ्याने टाचून टाका, पिन मात्र वापरू नका.

फोटो दोन किंवा तीन, नेहमीच्या चार बाय सहा इंचाच्या आकारात, मॅट कागदावर. चकचकीत फोटो ओलीत एकमेकांना चिकटतात. मागे शाईपेनने लिहिलं तर ते पुढच्या फोटोवर उमटतं, म्हणून पेन्सिल वापरा. पत्रासाठीही जेल पेन नको, साधं बॉलपेन घ्या. पाकीट एकदा भिजलं की जेलची शाई पसरते.

घडीचा कागदी कंदील छान जातो, घड्या पाडून सपाट ठेवा आणि उलगडायची रीत दोन ओळींत लिहा. कापूर, काडेपेटी, फुलबाजी, अत्तर, दिव्यांची माळ, सूर वाजवणारं कार्ड यांतलं काहीही नको. ज्वलनशील वस्तू आणि बॅटरी विमानाच्या टपालात अडवल्या जातात आणि त्यांच्यापायी पत्रही अडकतं.

फराळ पाठवायचा असेल तर वेगळं पार्सल करा, पत्र त्यात ठेवू नका. पार्सल रेंगाळलं तरी पत्र पुढे जातं. शंकरपाळी आणि शेव टिकतात. ओल्या नारळाच्या करंज्या टिकत नाहीत.

५. पाकीट बंद करून पोस्टात देणं

आत दोन छोटी पाकिटं करा. एकावर ‘मिळालं की उघड’ लिहा, त्यात पत्र आणि फोटो. दुसऱ्यावर ‘भाऊबीज, ११ नोव्हेंबर’ लिहा, त्यात कुंकू-अक्षता आणि करगोटा. पत्र लवकर पोहोचलं तरी त्या दिवसासाठी त्याच्या हातात काहीतरी राखलेलं असतं.

बाहेरचं पाकीट जाड खाकी किंवा कापडी अस्तराचं घ्या. पत्ता पाकिटावरच लिहा, चिकटवलेला कागद ओलाव्याने सुटतो. त्यावर पारदर्शक टेप लावा. मागच्या बाजूला घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहा. आतही एका चिठ्ठीवर दोन्ही पत्ते ठेवा, बाहेरचं फाटलं तर तेवढ्यावर पत्र सापडतं.

पाकीट भारतीय टपाल खात्यातूनच पाठवा. खासगी कुरिअर एपीओ पत्त्यापर्यंत जात नाही. एखाद्या काउंटरवर घेतलं तरी ते परत येतं आणि तेवढे दिवस वाया जातात. स्पीड पोस्ट घ्या. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट त्यातच विलीन झालं आहे, म्हणून वेगळं ‘रजिस्टर पोस्ट’ मागत बसू नका. ठाणे पश्चिमेचं मुख्य पोस्ट ऑफिस किंवा जवळचं उपकार्यालय, कुठूनही चालतं. सकाळी गेलात तर त्याच दिवशीच्या थैलीत जायची शक्यता जास्त.

तपासा: खिडकीवरून हलण्याआधी पावती वाचा. पावतीवरचा पिनकोड ९ ने सुरू होतो का आणि सहाही अंक तुमच्या पाकिटाशी जुळतात का ते पाहा. टाइप करताना एक अंक चुकला तर पाकीट दुसऱ्याच फील्ड पोस्ट ऑफिसात जातं, आणि ही चूक फक्त तिथेच, त्याच मिनिटाला दुरुस्त होते. पावतीचा फोटो काढून ठेवा.

त्या पावतीवरचा तेरा अक्षरी क्रमांक ऑनलाइन टाकला की पाकीट कुठवर गेलं ते दिसतं. अनेकदा लष्करी टपालाकडे सोपवल्यावर पुढची नोंद दिसत नाही. तिथे शोध थांबला म्हणजे पाकीट हरवलं असं समजू नका.

६. सणाच्या दिवसाचा फोन

पत्र गेलं म्हणून फोन नको असं नाही, पण त्याचाही क्रम ठरवा. फोन बहुतेक वेळा तिकडून येतो, रांगेत उभं राहून येतो आणि दोन-चार मिनिटांत कापला जातो. आधी कोण बोलणार हे घरात ठरलेलं नसेल तर निम्मा वेळ “थांब, आईला देते” यात जातो. वयाने मोठे आधी, मुलं शेवटी, प्रत्येकी दोन वाक्यं. त्या दिवशी तो नंबर मोकळा आणि चार्ज ठेवा.

तुम्हाला काही पाठवायचं असेल तर प्रत्येकाचा वेगळा, पाऊण मिनिटाचा आवाजी संदेश दोन दिवस आधी पाठवा. पाच मिनिटांचा एकच व्हिडिओ कमजोर नेटवर उतरतच नाही. छोटे तुकडे मिळेल तसे उतरतात.

इशारा: त्याचा गणवेशातला फोटो, युनिटचं नाव, पिनकोड किंवा पाकिटाचा फोटो स्टेटसला किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. मायेपोटी टाकलेला पाकिटाचा फोटोही त्याचा सेवा क्रमांक चार अनोळखी लोकांपर्यंत पोहोचवतो.

७. पाकीट परत आलं तर

परत आलेल्या पाकिटावर बहुधा शेरा असतो, तो आधी वाचा. पत्ता अपुरा असल्याचा शेरा असेल तर कंपनी किंवा सेवा क्रमांक राहिलेला असतो. युनिट हलल्याचा असेल तर नवा पिनकोड त्याच्याकडूनच घ्यावा लागेल. जुनं पाकीट तसंच नव्या पाकिटात घालू नका. ते उघडा, कुंकू गळलं आहे का पाहा, पुडी नवी करा, आणि मूळ पत्राच्या वर दोन ओळींची चिठ्ठी जोडा: हे आधी कधी पाठवलं होतं आणि का परत आलं. पत्र क्रमांक तोच ठेवा, म्हणजे मधलं एखादं पत्र हरवलं असं त्याला वाटणार नाही. भाऊबीज उलटून गेली असेल तर आतल्या पाकिटावरची तारीख खोडून ‘मिळेल त्या दिवशी’ लिहा आणि त्याच दिवशी पोस्टात द्या.